बंद होणाऱ्या कंपनीचे ऑडिट : ब्रेक-अप मूल्यावरचा ताळेबंद कसा तपासावा

कंपनी यापुढे चालणार नाही हे नक्की झाले की ऑडिट रिपोर्ट आपोआप ‘खराब’ होतो, असा समज संचालकांमध्ये आणि नव्या ऑडिटरांमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. बंद होणारी कंपनी हिशेब गोइंग कन्सर्न धरून मांडत असेल, तर प्रतिकूल मत द्यावे लागते. तिने ते धरणे सोडून मालमत्ता ब्रेक-अप मूल्यावर आणली, म्हणजे मोडून विकल्यास जे हाती येईल त्या रकमेवर आणली, तर स्वच्छ मत देता येते. देणी तशीच पूर्ण दाखवलेली असावीत आणि हे सगळे टिपणांत स्पष्ट लिहिलेले असावे, एवढी अट.

घोटाळा बहुधा वेगळ्याच ठिकाणी होतो. मालमत्तेच्या किमती खाली आणण्यावर सगळ्यांचे लक्ष असते आणि देण्यांची बाजू मागच्या वर्षासारखीच राहते. कंपनी बंद होते तेव्हा बरीच देणी नव्याने जन्माला येतात. ती शोधणे हे या ऑडिटमधले निम्म्याहून अधिक काम आहे.

पुढचे विवेचन लेखा मानकांनुसार, म्हणजे एएसनुसार, हिशेब ठेवणाऱ्या भारतीय खासगी कंपनीला धरून आहे. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना तत्त्व तेच, फक्त मानकांचे क्रमांक वेगळे.

आधी ठरवा : कंपनी खरोखर थांबली आहे का?

तोटा, ऋण नेटवर्थ किंवा थकलेला हप्ता यांपैकी कशानेही गोइंग कन्सर्न आपोआप संपत नाही. ही संकटाची चिन्हे आहेत. एसए ५७० प्रमाणे अशा वेळी व्यवस्थापनाचे मूल्यमापन तपासायचे आणि मोठी अनिश्चितता उरत असेल तर त्याविषयीचा स्वतंत्र परिच्छेद रिपोर्टमध्ये घालायचा. ब्रेक-अपची पायरी त्यापुढची आहे. कंपनी गुंडाळण्याचा किंवा धंदा थांबवण्याचा निर्णय झालेला असावा लागतो, नाहीतर त्याखेरीज व्यवहार्य पर्यायच उरलेला नसावा लागतो.

दिवाळखोरी संहितेखाली अर्ज दाखल झाला म्हणजे कंपनी संपली, असेही नाही. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. जून २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. विमाने जमिनीवर उभी होती, तरी मधली पाच वर्षे कायद्याच्या दृष्टीने कंपनी उभी राहण्याचा मार्ग खुला होता. त्यामुळे प्रत्येक वर्षी हा प्रश्न त्या वर्षीच्या पुराव्यावर नव्याने विचारावा लागतो.

तीन कारखान्यांपैकी एकच बंद होत असेल तर तो प्रकार निराळा. तिथे एएस २४ पाहावे. कंपनी गोइंग कन्सर्नच राहते.

निर्णय खरा आहे की बँकेला घाबरवण्यासाठी नुसता बोलला जातो आहे, हे कागदांवरून कळते. ते असे मागून घ्या :

- संचालक मंडळाचा ठराव आणि त्याआधीच्या दोन-तीन बैठकांची इतिवृत्ते. निर्णय एका बैठकीत आकाशातून पडलेला नसतो.
- बँकेचा पत्रव्यवहार, विशेषतः कर्जमर्यादा नाकारल्याचे किंवा कर्ज परत मागितल्याचे पत्र.
- मुख्य ग्राहकाचे ऑर्डर थांबवल्याचे पत्र आणि पुढच्या बारा महिन्यांचा रोख-प्रवाहाचा अंदाज.
- कामगारांना व शासनाला दिलेल्या नोटिसा.

निर्णय मार्चनंतर झाला असेल तर

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ताळेबंद ३१ मार्चचा आहे, कंपनी बंद करण्याचा ठराव जूनमध्ये झाला आणि हिशेबांवर सह्या व्हायच्या आहेत. मार्चला तर कंपनी चालू होती, मग त्या तारखेचा ताळेबंद चालू कंपनीचाच का नको?

नको, कारण एएस ४ मध्ये इथे अपवाद आहे. एरवी ताळेबंदानंतर घडलेल्या नव्या घटना आकड्यांत घेत नाहीत. पण ती घटना गोइंग कन्सर्नचे गृहीतकच चुकीचे ठरवत असेल, तर मालमत्ता आणि देणी दोन्ही बदलावी लागतात. इंड एएस १० चा नियमही हाच. एएस १ प्रमाणे मूळ गृहीतक पाळले नसेल तर तसे उघड सांगावे लागते. मागच्या वर्षाचे तुलनात्मक आकडे मात्र तसेच ठेवावेत, कारण त्यांवर सह्या झाल्या त्या दिवशी कंपनी चालूच होती. दोन स्तंभ दोन वेगळ्या पायांवर उभे असल्याने त्यांची तुलना होत नाही, हे वाक्य टिपणात असायलाच हवे.

एक उदाहरण

पुणे जिल्ह्यातल्या एमआयडीसीत प्रेस-पार्ट बनवणारी एक कंपनी समजा. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातली प्रत्येक बाब नेहमी भेटणारी आहे. वाहन-उद्योगातल्या एकाच मोठ्या ग्राहकाने काम काढून घेतले. १० जून २०२५ रोजी कंपनी बंद करण्याचा ठराव झाला. ३१ मार्च २०२५ च्या हिशेबांवर तेव्हा सह्या झालेल्या नव्हत्या. पुस्तकी मालमत्ता ९१५ लाख रुपयांची, देणी ६२५ लाखांची, म्हणजे नेटवर्थ २९० लाख. संचालकांचे म्हणणे, ‘सगळ्यांचे पैसे देऊन वर थोडे उरतील.’ ते तपासायचे आहे.

मालमत्तेची बाजू

यंत्रे पुस्तकात ३१० लाखांना. मूल्यांकन अहवालाप्रमाणे सहा महिन्यांत लिलावाने विकल्यास १५० लाख येतील. त्यातून लिलाव करणाऱ्याचे कमिशन आणि यंत्रांतल्या तेलाची व घातक कचऱ्याची विल्हेवाट असे १५ लाख वजा जाता १३५ लाख राहतात. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर विक्री असेल तर यंत्र उपटून नेण्याचा खर्च खरेदीदार करतो आणि तो धरूनच बोली लावतो. हिशेबात तो खर्च पुन्हा वजा केलेला पुष्कळदा सापडतो.

डाय पुस्तकात ६५ लाखांना आहेत. ज्या पार्टसाठी त्या बनल्या तो पार्ट आता कुणी घेणार नाही, म्हणून त्यांची किंमत वजनावर. सुमारे २० टन लोखंड, किलोला ३० रुपये, म्हणजे ६ लाख. त्याआधी त्या कंपनीच्या आहेत का, हे पाहावे. प्रेस-शॉपमध्ये पडलेल्या डायांपैकी कित्येक ग्राहकाच्या मालकीच्या असतात. त्यांच्यावर ग्राहकाचा क्रमांक ठोकलेला असतो आणि त्या चलनावर आलेल्या असतात. त्या भंगारात मोजल्या गेल्या तर मालमत्ता फुगते आणि वर ग्राहकाचा दावा येतो.

साठा १४० लाखांचा. त्यातली ७० लाखांची पोलादी कॉइल बाजारात थोड्या घटीने, ५६ लाखांना जाईल. तयार माल २५ लाखांचा आहे. ग्राहकाने शेवटची उचल म्हणून त्याचे २० लाख लेखी कबूल केले आहेत. अर्धवट माल ४५ लाखांचा, पण अर्धा दाबलेला पत्रा भंगारवाल्याखेरीज कुणाच्या उपयोगाचा नसतो. त्याचे ९ लाख धरले. एकूण ८५.

येणी १६० लाख, त्यांतले ११८ लाख येतील असे दिसते. काम काढून घेणारा ग्राहक शेवटचे पैसे सोडण्याआधी नाकारलेल्या मालाच्या आणि लाइन थांबल्याच्या जुन्या डेबिट नोटा काढतो. त्यामुळे थकबाकीचे वय पाहून भागत नाही. वर्षअखेरीनंतर प्रत्यक्ष आलेले पैसे आणि ग्राहकाकडून लेखी खातेपुष्टी हाच भरवशाचा पुरावा.

आस्थगित कराची २८ लाखांची मालमत्ता पूर्ण काढून टाकावी. पुढे नफाच नसेल तर तो कर वाचणार कुठून? अनामती व आगाऊ खर्च मिळून २० लाख होते. विजेची अनामत शेवटच्या बिलात वळती होते आणि विम्याचा थोडासाच परतावा मिळतो, म्हणून ११ लाख. रोख व बँक शिल्लक १२ लाख, तशीच.

राहिली जमीन आणि इमारत. इथे थोडे थांबावे लागते.

जमीन वर नेता येते का?

एमआयडीसीचा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो. पुस्तकात जमीन व इमारत मिळून १८० लाख. मूल्यांकन ५२० लाखांचे. भूखंडाच्या हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागते आणि हस्तांतर शुल्क भरावे लागते. ते शुल्क व दलाली मिळून ७० लाख धरले तर हाती ४५० लाख येतील. म्हणजे ही एकच वस्तू पुस्तकी किमतीच्या अडीचपट.

संचालकांना ४५० लाखच लिहायचे असतात. त्यांचा तर्क असा की ब्रेक-अप म्हणजे विकून जे येईल ते, मग खाली येणारे घ्यायचे आणि वर जाणारे सोडायचे, हा न्याय कुठला? तर्क पोकळ नाही. भारतीय मानके गोइंग कन्सर्न सोडल्यावर काय करू नये हे सांगतात, पण काय करावे याचा पूर्ण आराखडा देत नाहीत. मात्र एएस १० मध्ये एक थेट नियम आहे : वापरातून काढून विक्रीसाठी ठेवलेली स्थावर वा यंत्रसामग्री पुस्तकी किंमत आणि निव्वळ वसूलमूल्य यांपैकी कमी असलेल्या रकमेवर दाखवावी. त्यामुळे सुरक्षित मार्ग असा की ताळेबंदात १८० लाखच ठेवावेत आणि अपेक्षित ४५० लाख टिपणात गणितासह द्यावेत. विक्री होण्याआधीच तिचा नफा पुस्तकात आणू नये.

तरीही व्यवस्थापनाने सगळीच मालमत्ता वसूलमूल्यावर, वर-खाली दोन्ही दिशांनी, मांडायचे ठरवले, तर तो पाया या परिस्थितीत स्वीकारार्ह आहे का याचा निर्णय ऑडिटरने स्वतः करायचा आहे. धोरण सगळ्या मालमत्तेला सारखे लागू हवे, आणि वर नेलेल्या आकड्यामागे सही झालेला विक्री करार किंवा तितकाच ठोस पुरावा हवा. नुसता मूल्यांकन अहवाल त्याला पुरेसा समजू नये.

जमीन १८० लाखांवर ठेवली तर मालमत्तेची बेरीज ५४७ लाख होते. पुस्तकातून ३६८ लाख गेले.

देण्यांची बाजू

पुस्तकात ६२५ लाख : बँक ३६०, पुरवठादार १७०, ग्रॅच्युइटी ६२, इतर ३३. यांपैकी एकही आकडा ‘ब्रेक-अप’ म्हणून कमी करता येत नाही. देणेकरी पुढे सूट देईल ही आशा असते. लेखी तडजोड होऊन तिच्या अटी पूर्ण होईपर्यंत देणे पूर्ण रकमेचेच राहते.

आता नवी देणी. कामगार ४२ आहेत. गणित सोपे राहावे म्हणून प्रत्येकाची सेवा १४ वर्षे आणि मासिक वेतन २४,००० रुपये धरले आहे. प्रत्यक्षात ही यादी माणसागणिक करायची असते, कारण सरासरीत पाच वर्षांखालचे आणि तीस वर्षांचे एकत्र मिसळतात.

ग्रॅच्युइटीची ६२ लाखांची तरतूद ॲक्च्युअरीने केलेली आहे. कामगार हळूहळू, अनेक वर्षांत निवृत्त होतील, काही मधेच सोडून जातील आणि रक्कम आजच्या मूल्यावर आणायची, ही तिच्यामागची गृहीतके. कंपनी बंद होताच ती सगळी कोसळतात. सगळ्यांना एकदम आणि पूर्ण रक्कम द्यायची असते. कायद्याचे सूत्र, दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, लावले तर ८१ लाख होतात. वाढ १९ लाखांची.

दुसरे देणे आहे बंदची भरपाई. जून २०२५ मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफएफएफ प्रमाणे दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. ते ग्रॅच्युइटीहून वेगळे असते आणि तिच्यात धरता येत नाही. अर्धा महिना म्हणजे १२,००० रुपये, गुणिले १४ वर्षे, गुणिले ४२ माणसे : सुमारे ७१ लाख. पुस्तकात यातला एक रुपयाही नव्हता. (नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. त्यानंतर बंद होणाऱ्या कारखान्यांसाठी तिची कलमे पाहावीत.)

इथे एक पळवाट हमखास पुढे केली जाते. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने बंद झाल्यास भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा त्याच कलमात आहे. ती लावली तर ७१ लाखांचे सुमारे ३० लाख होतात. पण निव्वळ आर्थिक अडचण, न खपलेला माल किंवा भाडेपट्टा संपणे ही अटळ कारणे मानायची नाहीत, असे तिथेच स्पष्ट लिहिले आहे. ग्राहक गेला म्हणून कंपनी बंद होत असेल तर ती आर्थिक अडचणच. तरतूद ३० लाखांची दिसली की व्यवस्थापनाकडून लेखी कायदेशीर सल्ला मागा आणि तो कोणत्या तथ्यांवर दिला आहे ते वाचा.

उरलेल्या रकमा लहान आहेत. वीज व सेवा करार मुदतीआधी मोडल्याचे ९ लाख. शिल्लक माल व यंत्रांवर घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचा काही भाग नोंदणी रद्द करताना परत भरावा लागतो, त्याचे ७ लाख. विक्री होईपर्यंत पहारा, विमा, मूल्यांकन आणि लिक्विडेटरचे मानधन मिळून २४ लाख.

या शेवटच्या २४ लाखांवर आणि भरपाईच्या ७१ लाखांवरही प्रामाणिक मतभेद आहे. एएस २९ म्हणते की ताळेबंदाच्या तारखेला बंधनच नव्हते तर तरतूद करू नये, आणि मार्चला कंपनी बंद करण्याचा ठराव झालेला नव्हता. उलट एएस ४ म्हणते की गोइंग कन्सर्न गेले तर देणीही बदला. यंत्रांच्या विक्रीची घट मार्चमध्ये ओढायची आणि त्याच विक्रीमुळे उगवणारी कामगारांची भरपाई जूनमध्ये सोडायची, हे पटणारे नाही. म्हणून दोन्ही घेणे बरे. ज्याने २४ लाख बाहेर ठेवले असतील त्याने ते टिपणात आकड्यासह दाखवलेले असावेत.

एकूण नवी देणी १३० लाख. देण्यांची बेरीज ७५५ लाख.

आकडे एकत्र आल्यावर

ताळेबंदाप्रमाणे मालमत्ता ५४७ आणि देणी ७५५, म्हणजे नेटवर्थ उणे २०८ लाख. पुस्तकातले अधिक २९० इतके खाली आले. जमिनीचे अपेक्षित ४५० लाख धरले तर मात्र ६२ लाख उरतात. म्हणजे सगळ्यांचे पैसे पुरे पडतील की नाही, हे एकट्या भूखंडावर ठरते. त्याची किंमत अपेक्षेपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आली की शेवटच्या देणेकऱ्याला पूर्ण पैसे मिळत नाहीत. जमिनीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर किती बसेल हे अजून यात धरलेलेच नाही. यंत्रांचा तोटा त्याच वर्षी वजा घालता आला नाही तर तो करही त्या ६२ लाखांतून जाईल.

याला व्यवहारात फार महत्त्व आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खाली स्वेच्छेने कंपनी गुंडाळायची असेल तर बहुसंख्य संचालकांना प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते की कंपनीला कर्ज नाही किंवा मालमत्ता विकून ते पूर्ण फेडता येईल. त्याला मागच्या दोन वर्षांची ऑडिट केलेली विवरणे आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडायचा असतो. जे विवरण ऑडिटर तपासतो आहे तेच तिथे वापरले जाणार. म्हणून जमिनीच्या मूल्यातली ही संवेदनशीलता टिपणात असावी असा आग्रह धरावा. पैसे पुरणार नाहीत असे दिसत असेल तर कलम ५९ चा रस्ता बंद आहे आणि तसे संचालकांना लेखी कळवावे.

पुरावा कसा गोळा करावा

मूल्यांकन अहवाल हाती आला की शेवटच्या पानावरच्या आकड्याकडे जाण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. मूल्यांकक त्याच वर्गात नोंदलेला आहे का : जमीन-इमारतीचा परवाना असलेल्याने प्रेसची किंमत सांगून चालत नाही, कारण यंत्रसामग्रीचा वर्ग वेगळा आहे. मूल्यांकन कोणत्या तारखेचे आहे. विक्रीसाठी किती मुदत धरली आहे : सहा महिन्यांची निवांत विक्री आणि बँकेने महिनाभरात काढलेला लिलाव यांच्या किमतीत मोठी तफावत असते. आणि ठरवलेली मुदत कंपनीच्या रोख शिलकीला परवडणारी आहे का. पगार आणि पहाऱ्याला दोन महिन्यांचेच पैसे असतील तर सहा महिन्यांची किंमत कागदावरच राहते.

प्रत्यक्ष मोजणी एरवीपेक्षा जास्त गांभीर्याने करावी. बंद पडत चाललेल्या कारखान्यातून वस्तू जातात. यादीत २५० टनी प्रेस असते, जागेवरही असते, पण तिची मुख्य मोटर काढून नेलेली असते आणि पॅनेलमधले तांबे गायब असते. कव्हर उघडून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. मूल्यांकनाची भेट आणि ऑडिटची मोजणी यांच्यात दोन महिने गेले असतील तर दोन्ही याद्या समोरासमोर ठेवाव्यात. शेवटच्या काही महिन्यांचे गेट-पास आणि भंगार विक्रीची बिले वाचण्यात जाणारा वेळ वाया जात नाही.

त्याच काळातले बँक-खातेही ओळीओळीने पाहावे. संचालकांची किंवा त्यांच्या नातेवाइकांची उसनवारी इतर देणेकऱ्यांआधी फेडलेली आहे का, एखादे यंत्र मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला कवडीमोलाने गेले आहे का? संहितेच्या कलम ४३ प्रमाणे संबंधित व्यक्तींशी झालेल्या अशा प्राधान्याच्या व्यवहारांसाठी दोन वर्षे, इतरांसाठी एक वर्ष मागे जाता येते. व्यवहार उलटवणे हे ऑडिटरचे काम नव्हे, पण टिपणात तो दडलेला राहिला तर जबाबदारी त्याच्यावर येते.

रिपोर्टमध्ये काय लिहावे

परिस्थितीप्रमाणे मत बदलते :

- हिशेब ब्रेक-अप पायावर, तो पाया योग्य आणि टिपणे पुरेशी : सुधारणा न केलेले मत. सोबत एसए ७०६ प्रमाणे लक्षवेधी परिच्छेद, ज्यात पाया कोणता, का बदलला आणि टिपणाचा क्रमांक कोणता हे असेल.
- हिशेब अजून गोइंग कन्सर्नवरच आणि ते चूक आहे : प्रतिकूल मत. टिपणात सगळे खरे सांगितलेले असले तरीही.
- पाया योग्य पण एखादी मोठी तरतूद, उदाहरणार्थ बंदची भरपाई, घेतलेली नाही : परिणामाच्या व्याप्तीनुसार सशर्त किंवा प्रतिकूल मत.
- मूल्यांकनाचा पुरावाच मिळत नाही : सशर्त मत किंवा मत देण्यास नकार.

‘गोइंग कन्सर्नविषयी मोठी अनिश्चितता’ हा छापील परिच्छेद पहिल्या प्रकारात वापरू नये. अनिश्चितता संपलेली आहे. तो घातला तर एकाच रिपोर्टमध्ये कंपनी बंद आहे आणि कदाचित चालेल, अशी दोन विधाने होतात. सीएआरओ २०२० लागू असेल तर कलम (xix) खालचे उत्तरही याच्याशी जुळलेले हवे. वर्षभरात येणारी देणी भागतील असे मत तिथे मागच्या वर्षाच्या रिपोर्टमधून तसेच उचललेले राहून जाते, आणि ही विसंगती वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येते.

मांडणी परिशिष्ट ३ चीच राहते. मात्र चालू आणि बिगर-चालू हा भेद जवळजवळ निरर्थक होतो. बँकेचे मुदत कर्ज पुढच्या पाच वर्षांत विभागून दाखवलेले दिसले तर ते का, हे विचारावे.

सही कुणाची, हक्क कोणते

ठरावानंतरही लिक्विडेटर नेमेपर्यंत हिशेबांवर आणि एसए ५८० च्या निवेदनपत्रावर संचालकांचीच सही असते. दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि ते रिझोल्यूशन प्रोफेशनल वापरतो. लिक्विडेशनच्या आदेशानंतर ते लिक्विडेटरकडे जातात. निवेदनपत्र देताना तो सहसा सांगतो की आपल्या नेमणुकीआधीच्या व्यवहारांची आपल्याला वैयक्तिक माहिती नाही. ते खरेच असते. अशा वेळी जुन्या संचालकांकडून त्यांच्या काळापुरते निवेदन मिळवण्याचा प्रयत्न करावा. ते मिळाले नाही तर त्याचा मतावर काय परिणाम होतो हे कामाच्या कागदांत नोंदवावे.

कंपनी कायद्याच्या कलम १४३ खाली वह्या, व्हाउचर आणि खुलासे मागण्याचा ऑडिटरचा हक्क कंपनी बंद होत असली तरी कमी होत नाही. अडचण व्यवहारातली असते. लेखापाल आधीच सोडून गेलेला असतो, टॅलीचा डेटा एका लॅपटॉपवर असतो आणि सर्व्हरचे भाडे थकलेले असते. म्हणून नेमणुकीच्या पत्रावर सही होताच संपूर्ण डेटाची प्रत, बँकेची विवरणे आणि कामगारांचे सेवापट ताब्यात घ्यावेत. फी टप्प्याटप्प्याने, काम होईल तशी घ्यावी. थकलेली फी लिक्विडेशनमध्ये सामान्य देण्यांच्या रांगेत जाते. राजीनामा द्यायचाच असेल तर तीस दिवसांत एडीटी-३ भरून खरी कारणे लिहावीत.

लिक्विडेटरने काम हाती घेतल्यावरचे हिशेब वेगळे असतात. स्वेच्छा लिक्विडेशनच्या नियमांप्रमाणे त्याच्या अंतिम अहवालात लिक्विडेशन सुरू झाल्यापासूनच्या जमा-खर्चाचा ऑडिट केलेला हिशेब लागतो. त्यात ना ताळेबंद ना वसूलमूल्याचे अंदाज, फक्त प्रत्यक्ष आलेले आणि गेलेले पैसे. ती नेमणूक स्वतंत्र आहे आणि तिचे पत्रही स्वतंत्र घ्यावे.